कारचं ऑइल बाईकमध्ये का चालत नाही?

प्रश्न: "कारच्या सर्व्हिसिंगनंतर पाच-तीसचं फुल सिंथेटिक ऑइल लिटरभर उरलंय. माझ्या १५० सीसी बाईकमध्ये घातलं तर काय बिघडेल? महागाचं ऑइल आहे, उलट चांगलंच ना? – निपाणी"

घालू नका. ऑइल चांगलं आहे, पण ते कारसाठी. बाईकमध्ये त्याचा चांगुलपणाच नडतो.

कारचा क्लच कोरडा असतो आणि गिअरबॉक्सचं ऑइलही वेगळं. इंजिन ऑइलचा क्लचशी संबंधच येत नाही. तुमच्या बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघांनाही तेच लिटरभर ऑइल. क्लच प्लेटा त्यात कायम भिजलेल्या असतात. अस्तराची एक प्लेट, मग स्टीलची एक, अशी थप्पी असते आणि स्प्रिंगा ती दाबून धरतात. लिव्हर सोडली की प्लेटांमधलं ऑइल दाबाने बाहेर पडतं आणि त्या एकमेकींना घट्ट धरतात. इंजिनाची सगळी ताकद या घर्षणावरच चाकापर्यंत जाते.

आता कारचं पातळ ऑइल बनवणाऱ्याला हवं असतं मायलेज. त्यासाठी तो त्यात घर्षण कमी करणारी रसायनं घालतो, मॉलिब्डेनमची संयुगं वगैरे. ही रसायनं धातूला चिकटून बसतात आणि वर गुळगुळीत थर धरतात. पिस्टनच्या रिंगांना ते फायद्याचं, पण तोच थर क्लच प्लेटांवर बसला की पकड जाते, कारण ऑइल दाबून बाहेर काढलं तरी थर तिथेच राहतो.

पाच-तीस किंवा दहा-तीस हे आकडे फक्त ऑइल किती पातळ-घट्ट ते सांगतात, पकडीबद्दल काही सांगत नाहीत. त्यासाठी जपानी वाहन उद्योगाचं जासो टी ९०३ हे मानक आहे. त्यात ऑइल खऱ्या क्लच प्लेटांवर चालवून तीन गोष्टी मोजतात: प्लेटा जुळताना किती घर्षण मिळतं, जुळल्यावर घसरेपर्यंत किती जोर सोसतात आणि फिरणारा भाग थांबायला किती वेळ लागतो. पकड पुरेशी असेल तर एमए. त्यातही एमए-वन कमी पकडीचं, एमए-टू जास्त. पकड त्याहून कमी असेल तर एमबी. भरल्या गाडीने घाट चढायचा असतो तेव्हा माझ्या मते या तीन मोजमापांतलं दुसरं सगळ्यात महत्त्वाचं.

बेळगावात माझं गॅरेज आहे. संकेश्वरकडचे एक गिऱ्हाईक अशीच १५० सीसी गाडी घेऊन आले होते. तक्रार अशी, की तवंदी घाटात डबल सीट असताना चौथ्या गिअरला अ‍ॅक्सिलेटर दिला की इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे सरकत नाही. सपाटीला काहीच जाणवत नव्हतं. मी आधी लिव्हरचा ढिलेपणा बघितला, कारण केबल ताणलेली असली तरी क्लच असाच घसरतो. टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर खेळ हवा. तो बरोबर होता. मग विचारलं तेव्हा कळलं, ऑइल मेव्हण्याच्या कारमधलं उरलेलं. ऑइल काढलं, जळका वास नव्हता, म्हणजे प्लेटा वाचल्या होत्या. फिल्टर बदलून एमए-टू भरलं. घसरणं कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही, कारण जुनं ऑइल अस्तरात मुरलेलं असतं. थोडं चालवून पुन्हा एकदा ऑइल बदलल्यावर गाडी नीट चढायला लागली. तसंच रेटून चालवलं असतं तर अस्तर जळून काचेसारखं चकचकीत झालं असतं आणि स्टीलच्या प्लेटा निळ्या पडल्या असत्या. मग नवा सेट घालण्याशिवाय इलाज नसतो.

कारचं प्रत्येक ऑइल बाईकमध्ये घसरेलच असं मी म्हणत नाही. वीस-पन्नाससारख्या घट्ट ऑइलमध्ये ही रसायनं बहुधा नसतात आणि कित्येक जण ते घालून वर्षानुवर्षं गाडी चालवतात. पण डब्यावर एमए नसेल तर पकडीची खात्री कुणीच दिलेली नसते. शिवाय बाईकचे गिअर ऑइलमधले पॉलिमर तोडत राहतात आणि ऑइल लवकर पातळ होतं. कारच्या ऑइलला हा मार सोसायचाच नसतो.

दुकानात आणखी एक गोष्ट जपा. दहा-तीसचे दोन डबे शेजारी ठेवलेले असतात, एक बाईकचा आणि एक स्कूटरचा. स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिला मायलेजचं एमबी चालतं. घाईत तोच डबा बाईकसाठी हातात येतो. डब्याच्या मागे जासोचा छोटा चौकोन असतो, त्यात एमए किंवा एमए-टू लिहिलेलं बघूनच पैसे द्या. ग्रेड मात्र गाडीच्या पुस्तकात असेल तीच घ्या.

उरलेल्या लिटराचं झाकण घट्ट लावून ठेवा. कारची डिपस्टिक खाली गेली की टॉप-अपला तेच कामाला येईल.