मोडी पत्र: बडोदे, संवत १९५६

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत हे जुनं पत्र सापडलं. बडोद्याच्या आमच्या वाड्यातलं. काका म्हणतात मोडी असावी. फोटो टाकलाय. काय लिहिलंय ते आजच्या मराठीत थोडक्यात सांगाल का?

काकांचं बरोबर आहे. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी रेघ ओढलीय आणि मग तिच्याखाली अक्षरं एकात एक गुंतवत नेलीत, ही मोडीच. मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारातला, त्यामुळे असले कागद अधूनमधून हाताशी येतात.

पत्र ओळीला ओळ ठेवून देवनागरीत उतरवून घेतलं आणि शब्द मुद्दामच तोडले नाहीत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि घाईने तोडलं की अर्थ उलटतो. तुमच्या पत्रातच पाहा. सहावी ओळ ‘गहाणसोडविता’ इथे संपते आणि सातवी ‘नाहीरक्कमकामीयेईल’ अशी सुरू होते. पहिल्यांदा मी वाचलं ‘गहाण सोडविता नाही’, आणि वाडा हातचा गेला असं समजून बसलो. पण मग ‘रक्कम कामी येईल’ हे शेपूट लोंबकळत राहतं. खरं वाचन ‘गहाण सोडविताना ही रक्कम कामी येईल’ असं आहे. ओळ संपली तरी शब्द संपलेला नसतो, आणि तिथे जोडरेघही देत नाहीत. ह्रस्व-दीर्घाचा भेदही मोडीत नाही, तेव्हा ‘दिन’ की ‘दीन’ हेसुद्धा मागचंपुढचं वाक्य पाहूनच ठरवायचं.

दुसरी ठेच लागते ती दोन उभ्या दंडांना. अक्षरापुढे आले तर तो शब्द आखडून लिहिलाय: ‘मि॥’ म्हणजे मिती, ‘व॥’ म्हणजे वद्य. तेच दंड आकड्यापुढे आले की अर्धा. त्यामुळे ‘रु॥ ३५॥’ मध्ये पहिले दंड ‘रुपये’चे, आणि रक्कम साडेपस्तीस. नुसती पस्तीस नाही.

तारखेवर मात्र माझा बराच वेळ गेला. ‘मि॥ वैशाख व॥ २ संवत १९५६’ असं आहे. ग्वाल्हेरकडे संवत चैत्रात बदलतो, त्या हिशेबाने हा वैशाख १८९९ चा. गुजरातेत संवत कार्तिकात, दिवाळीच्या पाडव्याला बदलतो, म्हणजे तोच वैशाख १९०० चा. पुरतं एक वर्ष इकडचं तिकडे! निकाल पत्राच्या मजकुरानेच दिला. त्यात पाऊस बुडाला, गुरं मेली, धान्य मिळेना असं लिहिलंय. गुजरातेत ज्याला छपनिया म्हणतात तो हाच दुष्काळ, आणि तो १८९९ चा पावसाळा कोरडा गेल्यावर पडला. वैशाख १८९९ मध्ये त्याचं नावही नव्हतं. तेव्हा पत्र मे १९०० चं.

वर ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’ आहे, म्हणजे लिहिणारा धाकटा. खाली सहीच्या जागी फ्लॅशचा पांढरा ठिपका पडलाय, त्यामुळे तो मुलगा की धाकटा भाऊ हे सांगता येत नाही. नावं मी इथे मुद्दाम देत नाही. सारांश असा:

‘येथील सर्व खुशाल. आपले पत्र पोचले. पाऊस नाही, गुरे मेली, धान्य मिळत नाही, तरी मुलांना इकडे आणू नये. साडेपस्तीस रुपये बाबाशाही ओळखीच्या माणसाबरोबर पाठवले आहेत. वाड्याचे गहाण सोडविताना ही रक्कम कामी येईल. पोचल्याचे कळवावे. […] येथील चाकरी […] पुढील महिन्यात.’

‘बाबाशाही’ हा शब्द सारांशातून गाळू नका. ते बडोदे सरकारचं नाणं, इंग्रजी कलदार रुपया निराळा, आणि दोघांचा भाव एक नव्हता. चौकोनी कंसातले ठिपके म्हणजे मला न लागलेली जागा. एक घडीवर झिजलीय, दुसरी फ्लॅशच्या पांढऱ्या ठिपक्याखाली गेलीय. चाकरी सुटली की लागली हे त्या चारसहा अक्षरांतच आहे, म्हणून तिथे अंदाज घातला नाही.

फोटो पुन्हा काढाल का? फ्लॅश बंद ठेवा. सकाळी खिडकीजवळ, उजेड एका बाजूने तिरपा पडेल असा कागद ठेवा. मागची शाई आरपार दिसतेय, म्हणून कागदाखाली काळा कागद सरकवा. फोन कागदाला समांतर धरून चार तुकड्यांत घ्या, दर तुकड्यात शेजारच्याच्या एकदोन ओळी येऊ द्या. काळं-पांढरं करणारं स्कॅनर ॲप नको, फिकी शाई तिथेच उडते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आवळला जातो.

पाठही पाहून ठेवा. पत्ता किंवा पोचल्याची नोंद बहुतेक तिथेच असते, आणि लिहिणाऱ्याचं नावही निघालं तर निघेल.