सिक्स, कंसात तीन

«मॅडम, शिरोली एमआयडीसीतल्या एका कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर आलंय. सोमवारपर्यंत सही करून द्यायचंय. पत्रातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. विचारलं तर म्हणतील, हे पोरगं आत्तापासनंच कायदा शिकवतंय. आणि गप्प सही केली तर पुढं अडकेन का?»

नोकरी अशा विचारण्याने सहसा जात नाही, पण कसं विचारतो यावर बरंच अवलंबून असतं. आणि विचारण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: समोरचा मजकूर टायपिंगची चूक आहे, की कंपनीची ठरवून घातलेली अट? चूक दुरुस्त करून मागायची असते. अटीवर मात्र बोलणी करावी लागतात. मुलं या दोन्हींची गल्लत करतात आणि मग खरोखरच एचआरचा सूर बदलतो.

हा मुलगा गडहिंग्लजकडचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. पत्र सात पानी इंग्रजी. त्याने ते तीनदा वाचलं होतं, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, गोष्ट वाचावी तसं. विसंगती अशी सापडत नाही, कारण चौथ्या कलमातलं वाक्य अकराव्या कलमापर्यंत पोहोचताना डोक्यातून गेलेलं असतं. मी त्याला एक कोरा कागद दिला, त्यावर तीन रकाने पाडायला लावले: प्रोबेशन, नोटीस, पगार. पत्रात त्या विषयाचा जिथे जिथे उल्लेख आहे, तो कलमाच्या नंबरासकट जसाच्या तसा उतरवायचा. मग मी पत्र मोठ्याने वाचलं आणि त्याने कागदावर बोट ठेवून ताडून पाहिलं. आकडा आणि कंसातले शब्द वेगवेगळे वाचायचे, एकाच दमात नाही. आकडा एकदा दिसला की शब्द आपण वाचतच नाही, अंदाजाने पुढे जातो.

पगाराच्या रकान्यात लगेच सापडलं. सहाव्या कलमात वार्षिक सीटीसी आकड्यांत 3,84,000 आणि अक्षरांत ‘थ्री लॅक फॉर्टी एट थाउजंड’. चौऱ्याऐंशीचे अठ्ठेचाळीस झाले होते. फरक वर्षाला 36,000 रुपयांचा, म्हणजे महिन्याला 3,000. मुलगा म्हणाला, “आकडा तर बरोबर आहे की.” अडचण नेमकी तिथेच आहे. आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत की साधारणपणे अक्षरांना जास्त वजन दिलं जातं. चेकच्या बाबतीत तर 1881 च्या कायद्यात तसं कलमच आहे. म्हणजे चुकीचं जे होतं, तेच वजनदार होतं.

खरं कोणतं, हे मात्र पत्रातच सापडतं. शेवटच्या पानावरच्या अ‍ॅनेक्शरची बेरीज आम्ही कॅल्क्युलेटरवर केली. बेसिक 16,000, घरभाडे भत्ता 6,400, स्पेशल अलाउन्स 6,910, कंपनीचा पीएफ 1,920 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 770. एकूण 32,000, गुणिले बारा 3,84,000. तक्ता आकड्याच्या बाजूने बोलत होता, म्हणजे अक्षरं चुकली. एचआरला दाखवायला हाच पुरावा. (जाता जाता: यातले शेवटचे दोन आकडे हातात येत नाहीत. उरलेल्या 29,310 मधून स्वतःचा पीएफ 1,920 आणि व्यवसाय कर 200 गेला की 27,190 राहतात. घरी 32,000 सांगून बसलेली बरीच मुलं माझ्याकडे पहिल्या पगारानंतर येतात.)

प्रोबेशनचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं निघालं. चौथ्या कलमात होतं ‘सिक्स (3) मंथ्स’. आधीच्या कुणाच्या तरी पत्रावरून नवं पत्र बनवलं की असं होतं. शब्द बदलतो, कंस तसाच राहतो. याच पत्रात एके ठिकाणी त्याचा उल्लेख ‘शी’ असा होता आणि नोटिशीसाठी ‘कलम 12 पाहा’ म्हटलं होतं, तर बाराव्या कलमात गोपनीयतेचा मजकूर होता. अशा खुणा दिसल्या की समजावं, हे जुनं पत्र आहे आणि आणखीही काही राहून गेलं असणार.

खरी मेख पुढे होती. चौथं कलम म्हणत होतं, कंपनी लेखी कन्फर्मेशन देईपर्यंत कर्मचारी प्रोबेशनवरच राहील. नववं म्हणत होतं, प्रोबेशनची मुदत संपताच कर्मचारी आपोआप कायम समजला जाईल. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी ठीक, एकत्र मात्र नांदू शकत नाहीत. आणि अकराव्या कलमात नोटीस याच्यावरच टांगलेली होती: प्रोबेशनमध्ये 15 दिवस, कायम झाल्यावर 60 दिवस.

मी त्याला तारखा मांडायला सांगितल्या. रुजू 1 सप्टेंबरला. तीन महिने धरले तर प्रोबेशन 30 नोव्हेंबरला संपतं, सहा धरले तर फेब्रुवारीअखेर. समजा दुसरी नोकरी मिळून तू 15 जानेवारीला राजीनामा दिलास, तर नोटीस किती? सहा महिने खरे असतील तर 15 दिवस. तीन खरे आणि नववं कलम लागू असेल तर 60. तीन खरे पण चौथं कलम लागू आणि लेखी पत्र मिळालंच नसेल, तर पुन्हा 15. एकाच दिवसाचे तीन अर्थ आणि दोन उत्तरं.

मधल्या 45 दिवसांचे पैसे भरून सुटायचं म्हटलं, तर ते बेसिकवर मोजणार की ग्रॉसवर? पत्रात नुसतं ‘सॅलरी’ लिहिलं होतं. बेसिकवर 24,000 होतात, ग्रॉसवर 43,965. हा शब्द मोघम ठेवणं चूक असेल किंवा नसेलही, पण स्पष्ट करून मागायला हरकत नाही.

“ऑफर लेटरमध्ये तीन महिने लिहिलंय, तेवढं पुरेल की,” असं तो म्हणाला. नाही पुरत. शेवटच्या कलमात लिहिलं होतं की हे पत्र आधीच्या सर्व पत्रांची आणि बोलण्याची जागा घेतं. अशी ओळ असेल तर ऑफर लेटर आणि फोनवरचं आश्वासन दोन्ही मागे पडतात.

मेल आम्ही आठ ओळींचा केला. आधी आभार आणि रुजू होण्याची तारीख, म्हणजे पोरगं येणार हे पहिल्याच ओळीत कळतं. मग कलम क्रमांक, तिथला मजकूर आणि ‘यातलं कोणतं धरायचं?’ एवढंच. ‘तुमची चूक’ हा शब्द नाही. 60 दिवस जास्त आहेत, हे त्यात घालायचा त्याचा आग्रह होता. मी काढायला लावलं. ती चूक नव्हती, अट होती. ती बोलायची असेल तर वेगळी, फोनवर.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. अक्षरं सुधारली, नववं कलम काढलं, नोटीस पे बेसिकवर असं लिहून मिळालं. प्रोबेशन मात्र सहा महिन्यांचंच निघालं, त्यामुळे तो थोडा हिरमुसला. पण आता राजीनाम्याच्या वेळी वाद होणार नव्हता.

एचआरने आधी सुचवलं होतं, “पेनाने दुरुस्त करा आणि सही करून द्या.” तसं चालतं, पण दोन्ही प्रतींवर आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी दोघांच्याही लहान सह्या हव्यात, एकट्या कर्मचाऱ्याची सही असलेली दुरुस्ती म्हणजे उद्या ‘यानेच नंतर लिहिलं’ असं म्हणायला जागा. त्याने नवीन छापलेलं पत्र मागितलं, ते मिळालं. सही करण्याआधी आम्ही तोच रकान्यांचा कागद घेऊन नवीन पत्र पुन्हा ताडलं. ‘कलम 12 पाहा’ अजून तसंच होतं.