रात्रपाळी, डिप्लोमा आणि घरी न सांगितलेली गोष्ट

"मी रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड आहे. चार महिन्यांपासून घरच्यांना न सांगता डिप्लोमाचा अभ्यास करतोय. नापास झालो तर हसू होईल, म्हणून बोललो नाही. आता झोप पुरत नाही, बायको संशयाने बघते. सांगू का? कसं सांगू?"

सांगा, आणि परीक्षेच्या आधीच सांगा. अशाच एका गार्डला मी काही महिने सल्ला देत होतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते इथे सांगतो.

वय अडतीस, बारावी झालेली. ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ. इग्नूच्या एक वर्षाच्या डिप्लोमाला प्रवेश घेतलेला. त्यात परीक्षेसोबत असाइनमेंटही असतात. त्या हाताने लिहून वेळेत जमा कराव्या लागतात. ते कागद ते केबिनच्या कपाटात ठेवायचे. सकाळी साडेनऊला झोपायचे आणि साडेबाराला "एक काम आहे" असं सांगून वाचनालय गाठायचे. म्हणजे झोप जेमतेम तीन तास. पहाटे चारच्या सुमारास खुर्चीतच डोळा लागला आणि सुपरवायझरने पाहिलं. त्यानंतर ते माझ्याकडे आले. त्यांचा प्रश्न होता, "स्मरणशक्ती कमी झालीय का?"

स्मरणशक्ती ठीक होती. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते बरंचसं झोपेत, आणि नेमकी तीच ते कापत होते. शिवाय पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराची जाग सर्वांत कमी असते. त्या दोन तासांत ते सर्वांत अवघड धडा उघडून बसायचे, कारण तेव्हा गेट शांत असतं. आम्ही एका कागदावर चोवीस तास मांडले. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन झोप, खिडकीला जाड चादर, फोन बंद. चार ते साडेपाच अभ्यास. निघण्यापूर्वी वीस मिनिटांची डुलकी. शेवटचा चहा रात्री दोनच्या आत, नाहीतर तो सकाळची झोप उडवतो. ड्युटीवर वाचायचं तर सुपरवायझरची परवानगी घेऊन आणि गाड्यांची ये-जा थांबल्यावर. तीन ते पाच पुस्तक बंद, फक्त राउंड.

कागद पाहून ते म्हणाले, "साहेब, एका खोलीच्या घरात दुपारी साडेतीनपर्यंत कोण झोपू देईल?" आई टीव्ही लावते, मिक्सर चालतो, बेल वाजते. कारण माहीत नसेल तर घरच्यांनी आवाज का कमी करावा? घरी सांगण्याची गरज होती ती इथे.

गौरी-गणपतीला सगळे जमले की सांगायचं, असं त्यांच्या मनात होतं. मी थांबवलं. गावाकडचा भाऊ चारचौघांत काही टोचून बोलला असता, तर बायकोला त्याच्यासमोर एक तर नवऱ्याची बाजू घ्यावी लागली असती, नाहीतर गप्प बसावं लागलं असतं. जिच्यापासून लपवलं तिला आधी, एकटीला सांगायचं. तेही ड्युटीवरून आल्याआल्या नको. रात्रभर जागलेला माणूस लगेच चिडतो.

माझ्या खोलीत त्यांनी दोनदा बोलून पाहिलं. पहिल्यांदा सुरुवात केली "मला पुढे जायचंय" अशी. ऐकणाऱ्याला त्यात स्वतःसाठी काहीच सापडत नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, "चार महिने तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, ते चुकलं." पुढे फी किती भरली, कुठून भरली, परीक्षा कधी आणि तिच्याकडून नेमकं काय हवंय, हे ओळीने सांगितलं. मागणी एकच होती, दुपारपर्यंत शांतता.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं दुसरीकडे कुठे गुंतलात." राग शिकण्याचा नव्हताच, न विचारता खर्च केलेल्या पैशांचा होता. तिने अट घातली: मुलीच्या क्लासची फी आधी, तुमची नंतर. सासूबाईंना तिनेच समजावलं. मिक्सर सकाळी नऊच्या आत फिरू लागला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. या डिप्लोमाने पगार वाढेलच याची हमी नाही, हे त्यांनी कंपनीत विचारून घेतलं आणि घरीही तसंच सांगितलं. जूनला सगळे पेपर झेपणार नव्हते, म्हणून काही डिसेंबरसाठी ठेवले. जूनच्या पेपरांपैकी एक राहिला. निकाल लागला तेव्हा ते ड्युटीवर होते. सकाळी घरी येऊन चपला काढायच्या आधीच त्यांनी बायकोला तो सांगितला. ती म्हणाली, "आधी झोपा. फॉर्मचं दुपारी बघू."