भरती बंद असताना पगार मागावा का?

"मॅडम, आमच्या कंपनीत भरती बंद केलीय, खर्चात कपात चाललीय. दोन वर्षं पगार वाढला नाही. आता मागितला तर पहिलं माझंच नाव काढतील का? मागू की सगळं शांत होईपर्यंत थांबू?"

समुपदेशनाला येणाऱ्यांकडनं गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की समोरच्यानं "मॅडम, भरती" म्हटलं की पुढचं मीच बोलू शकते. बेळगावच्या उद्यमबागचे लोक, मच्छेचे, पुण्यातल्या कंपनीचं काम टिळकवाडीतल्या घरात बसून करणारी मुलं, सगळ्यांचा सूर तोच. म्हणून एक केस सांगते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून दोन-तीन जणांचे तपशील एकत्र केलेत, नावही देत नाही, क्वालिटीवाले म्हणूया. वय चौतीस, फाउंड्रीत क्वालिटी इंजिनिअर, पगार ३४ हजार, गाव खानापूरच्या बाजूला, घरी ऊस.

दिवाळीनंतर आले पहिल्यांदा. झोप लागत नाही म्हणून आले होते खरं तर, पगाराचा विषय दुसऱ्या भेटीत निघाला, आणि निघाला तेव्हा असा की "आता काय मागायचं मॅडम, बघताय की काळ कसाय."

मी विचारलं, काळ कसाय म्हणजे नेमकं काय झालंय? माणसं काढली? नाही. पगार उशिरा होतो? नाही, सातच्या आत येतो. ओव्हरटाइम? थोडा कमी झालाय. रोज किती हीट निघतात? (भट्टीतनं एकदा धातू वितळवून ओतला की एक हीट, हे मला फाउंड्रीवाल्यांनीच शिकवलंय.) पूर्वीएवढ्याच. मग बंद काय झालंय? तर फक्त नवीन माणूस घेणं.

इथंच बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. भरती बंद, पगारवाढ बंद, खर्चकपात आणि माणसं कमी करणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कँटीनमध्ये त्या एकाच वाक्यात बोलल्या जातात. भरती बंद असताना वाढ मिळालेले लोक मी बघितलेत. पण कंपनीची खरंच अडचण असेल तर ती कँटीनमध्ये नाही, दुसरीकडं दिसते. पगाराची तारीख सरकायला लागते, कंत्राटी माणसं कमी होतात, तीनच्या दोन शिफ्ट होतात, आणि सगळ्यात सोपं म्हणजे पीएफचं पासबुक. मागच्या महिन्याचा पीएफ पंधरा तारखेपर्यंत भरायचा असतो, पासबुकात नोंद दिसायला अजून थोडे दिवस लागतात, पण दोन-तीन महिन्यांच्या नोंदीच नसतील तर समजायचं की रोकड आटलीय. अशाच एका बाईंना मी स्वच्छ सांगितलं होतं की वाढ मागू नका, बायोडाटा काढा. क्वालिटीवाल्यांना मोबाइलवर पासबुक उघडायला लावलं. ऑक्टोबरपर्यंतचं सगळं जमा होतं.

मग त्यांच्या खात्यात काय झालं ते विचारलं. आठ महिन्यांत दोघं सोडून गेले होते, एक इन्स्पेक्टर २२ हजारवाला आणि एक इंजिनिअर ३१ हजारवाला, कोल्हापूरकडं गेले. भरती बंद म्हणून त्यांच्या जागी कुणी आलं नाही. गिऱ्हाइकाच्या तक्रारींची उत्तरं लिहिण्याचं काम, जे त्या इंजिनिअरकडं होतं, ते सगळं यांच्याकडं आलं. म्हणजे बघा, खात्याचा पगारखर्च महिन्याला ५३ हजारांनी खाली आलाय, काम तेवढंच आहे, आणि यांना हवेत ५ हजार. मी हे कागदावर लिहून पुढं सरकवलं. त्यांनी कागद बघितला, उलटा ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे की. पण मागितलं की नाव वाईट होतं."

आता हे वाक्य फाउंड्रीतलं नव्हतं. सतरा वर्षं ऐकून एवढं कान तयार झालेत. मी ज्या पद्धतीनं काम करते तिचं मूळ हेच आहे की माणूस प्रसंगानं जेवढा घाबरतो त्याहून जास्त, त्या प्रसंगाला मनात जोडलेल्या वाक्यानं घाबरतो, आणि ते वाक्य पुष्कळदा उसनं असतं. मी नुसतं विचारलं, हे कुणाकडनं ऐकलंत?

बराच वेळ गप्प. खाली रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजत होता तेवढाच आवाज. मग सांगायला लागले. लहानपणी वडलांबरोबर साखर कारखान्याच्या ऑफिसात गेले होते, मागच्या गळिताचं बिल अडकलं होतं. कायद्यानं ऊस घातल्यावर चौदा दिवसांत पैसे यायला हवेत, आले नव्हते. वडील टोपी हातात घेऊन बाकावर बसून राहिले दोन तास, आणि न विचारताच उठले. येताना म्हणाले, जास्त विचारलं की पुढच्या वर्षी ऊसतोडीची टोळी उशिरा येते. कारखान्याच्या चिटबॉयनं तोडणीच्या यादीत नाव मागं टाकलं की संपलं, ऊसाला तुरे येतात, वजन जातं.

"खरं होतं का ते?" मी विचारलं.

"खरंच होतं मॅडम. एका वर्षी झालंही तसं."

मी ते खोडलं नाही. नवशिकी असताना खोडलं असतं, घाबरू नका असं काहीतरी म्हटलं असतं. वडलांची भीती चूक नव्हतीच, हिशोबानं बरोबर होती. मी एवढंच म्हटलं, "ऊस फडात उभा असतो. तोडायला येणाऱ्याची वाट बघण्यापलीकडं त्याला काही करता येत नाही. तुमच्या खात्यातले दोन ऊस चालत कोल्हापूरला गेले की."

ते हसले. आणि मग हसता हसता डोळे पुसले. त्यांची झोप त्या आठवड्यापासून सुधारली, पगाराचा तेव्हा पत्ताही नव्हता. अशा वेळी मला माझं काम फार आवडतं, हे कबूल करते.

पुढच्या भेटी मात्र अगदी व्यवहाराच्या झाल्या. पहिला प्रश्न, कधी मागायचं. त्यांचं म्हणणं, सगळं शांत झाल्यावर. मी म्हटलं शांत झाल्यावर उशीर होईल, आणि हे नीट समजून घ्या कारण बहुतेक लोक इथंच चुकतात. सोडून गेलेल्या दोघांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, पण मार्चपर्यंतच्या बजेटात त्यांच्या नावानं पैसे धरलेले असतात. वरच्यांनी ते आधीच काढून घेतले नसतील तर खात्याच्या प्रमुखाला तेवढी जागा असते. जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचं बजेट बनतं, तेव्हा भरलेली नाही ती खुर्ची पुष्कळदा कागदावरनंच जाते, आणि खुर्चीबरोबर पैसेही जातात. एप्रिलमध्ये अप्रेझलच्या वेळी तुम्ही तोंड उघडता तेव्हा आकडे होऊन गेलेले असतात, साहेब मनापासून म्हणतो की माझ्या हातात काही नाही, आणि ते खरं असतं.

म्हणून ठरलं की जानेवारीच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत. महिन्याच्या शेवटी नाही, पंचवीस तारखेनंतर डिस्पॅचच्या मागं सगळे पळत असतात, तेव्हा कुणी काही मागितलं की साहेबाला ते ओझंच वाटतं. डिसेंबरात गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं, त्याच्या आधी मागितलं तर अडवणूक वाटली असती, ते नीट पार पडल्यावर मागितलं तर तेच काम आपल्या बाजूनं बोलतं. आणि समजा मधल्या काळात खरंच माणसं काढायची नोटीस लागली असती तर आम्ही सगळं दोन महिने मागं ढकललं असतं, हेही ठरवून ठेवलं होतं.

दुसरा प्रश्न, काय बोलायचं. त्यांनी पाठ करून आणलेलं वाक्य होतं, "सर, मी तीन माणसांचं काम करतोय." मी ते काढून टाकायला लावलं. ही तक्रार झाली, आणि साहेबालाही ती ऐकून माहीत असते, तोही चार जणांचं करत असतो. घराचा हप्ता, मुलीची फी, अडकलेलं ऊसाचं बिल, हेही काढायला लावलं, कारण गरज प्रत्येकाचीच असते, त्यावर साहेबाला वर काही लिहून पाठवता येत नाही. राहिलं ते असं: तक्रारींची उत्तरं एप्रिलपासून मी देतोय, आधी उत्तर जायला बारा-तेरा दिवस लागायचे, आता पाच-सहा दिवसांत जातं. हे काम माझ्याकडंच ठेवायचं असेल तर पुढच्या बजेटात माझ्या पगारात ५ हजार धरता येतील का, आणि ते वर पाठवायला तुम्हाला माझ्याकडनं काय लागेल?

शेवटचा तुकडा माझा, आणि मला त्याचा जरा अभिमान आहे. भरती बंद असताना साहेबाच्या हातात होकार नसतो, शिफारस असते. होकार मागितला की तो नकार देऊन मोकळा होतो. शिफारशीला काय लागेल असं विचारलं की तो निदान कागद मागतो.

इंग्रजीत बोलू का, असंही विचारत होते. साहेब धारवाडकडचे. मी म्हटलं भट्टीपाशी ज्या भाषेत बोलता त्याच कानडी-मराठीत बोला, इंग्रजीत बोललात की दोघंही ताठ होऊन बसाल. कोल्हापूरची ऑफर दाखवू का, हाही प्रश्न होता. खरंच जायची तयारी असेल तरच, नाहीतर 'जा मग' म्हटल्यावर तोंड कुठं लपवाल?

एक गोष्ट आम्ही दोनदा तालीम करून बसवली. आपल्याकडं साहेब नाही म्हणत नाहीत, "नोडोण री" म्हणतात. बघूया. हा होकारही नाही आणि नकारही नाही, आणि आपला माणूस इथंच 'बरं सर' म्हणून उठतो, वडील बाकावरनं उठले तसाच. मी साहेब झाले, "नोडोण री" म्हटलं, आणि ते पहिल्यांदा खरंच उठले खुर्चीवरनं! परत बसवलं. म्हटलं, आता शांतपणे एकच शब्द विचारायचा. यावाग री? कधी?

नऊ जानेवारीला बोलले. साहेब म्हणाले आत्ता शक्य नाही, वरनं सगळं बंद आहे. नोडोण. यांनी यावाग विचारलं, साहेब थोडे चमकले म्हणे, मग म्हणाले फेब्रुवारीत यादी जाते, तेव्हा तक्रारींचे आकडे मला एका पानावर द्या. त्याच संध्याकाळी यांनी दोन ओळींचा मेल टाकला, आज बोलल्याप्रमाणे आकडे अमुक तारखेपर्यंत देतो, एवढाच. फेब्रुवारीत पान दिलं. एप्रिल कोरडा गेला, मेही गेला, मला दोनदा फोन करून चिडले, त्यांचं चुकलं नाही.

जूनमध्ये पत्र आलं. फोनवर म्हणाले, "मॅडम, पाच नाही, तीन दिलेत. आणि सीनिअर लावलंय नावापुढं."

"बाकीच्या दोन हजारांचं काय?"

"विचारलं की. दिवाळीनंतर नोडोण म्हणाले."

"मग?"

"मग काय, बसून राहिलो आणि यावाग विचारलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसायचं ठरलंय, मेलही टाकलाय."