‘बुडीत कर्ज’ आणि ‘संशयित बुडीत कर्ज निधी’

प्रश्न : हिशेबात ‘बुडीत कर्ज’ही दिसतं आणि ‘संशयित बुडीत कर्ज निधी’ही. दोन्ही एकच का? कोणता शब्द कधी वापरायचा?

दोन्ही एकच नाहीत. बुडीत कर्जाला नाव असतं : अमुक ऋणकोचे 12,000 आता येणार नाहीत, हे ठरलेलं असतं. त्या दिवशी नोंद होते ती ‘बुडीत कर्ज खाते नावे, त्या ऋणकोचे खाते जमा’. यालाच निर्लेखन म्हणतात. ते म्हणजे माफी नव्हे. रक्कम पुस्तकातून उतरते, पण ती मागण्याचा हक्क राहतो.

संशयिताला नाव नसतं. 5,00,000 च्या येण्यापैकी पाचेक टक्के बुडतील एवढं अनुभवाने कळतं, पण कोणाचे ते कळत नाही. म्हणून कोणत्याच ऋणकोचं खातं जमा करता येत नाही. नफा-तोटा खाते नावे टाकून 25,000 वेगळ्या खात्यात जमा धरतात आणि ताळेबंदात येण्यातून वजा दाखवतात. या खात्याला ‘निधी’ म्हणण्याची रूढी आहे, पण मला ‘तरतूद’ हाच शब्द नेमका वाटतो. ‘निधी’ म्हटलं की पैसे बाजूला काढून ठेवल्यासारखं वाटतं, आणि इथे तर एक पैसाही हलत नाही.

नुसतं निर्लेखन करत राहिलं तर विक्री एका वर्षात आणि तिचा तोटा पुढच्या वर्षात पडतो, आणि मधल्या ताळेबंदात येणं फुगलेलं दिसतं. तरतूद असली की तोटा विक्रीच्याच वर्षात येतो.

खरी गफलत होते ती दोन्ही एकत्र आल्यावर. समजा येणं 5,12,000 आणि जुनी तरतूद 20,000, म्हणजे निव्वळ येणं 4,92,000. आता 12,000 बुडाले, तर ते तरतुदीतून उतरवायचे. येणं 5,00,000 उरतं, तरतूद 8,000 उरते आणि निव्वळ आकडा 4,92,000 च राहतो. तो हलला, तर नोंद चुकली असं समजावं. वर्षअखेरीस 25,000 ची तरतूद हवी असेल, तर 8,000 हातात असल्याने नफा-तोटा खात्याला फक्त 17,000 लावायचे. अनेकजण 12,000 थेट तोट्यात टाकतात, वर तरतुदीचे 25,000 पूर्ण लावतात आणि जुने 20,000 वजा करायला विसरतात. मग 17,000 च्या जागी 37,000 तोटा दिसतो.

आणखी एक बारकावा. तेरजेत आधीच असलेलं बुडीत कर्ज येण्यातून वजा झालेलं असतं, ते पुन्हा वजा करायचं नाही. समायोजनात नव्याने दिलेलं मात्र आधी वजा करायचं आणि उरलेल्या रकमेवर टक्केवारी काढायची.