घरझडतीत सापडलेल्या रोख रकमेचा आणि दागिन्यांचा खुलासा कसा लिहावा?

प्रश्न: नवऱ्याच्या भागीदारावर इन्कम टॅक्सची धाड पडली, त्यात ऐरोलीच्या आमच्या घराचीही झडती झाली. रोख आणि सोनं सापडलं. आता लेखी खुलासा द्यायचाय. नेमकं काय लिहायचं?

उत्तर:

मार्च 2019 मध्ये ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घरी हेच झालं होतं. कारणही तेच, नवऱ्याची भागीदारी. मी अकाउंट्सचं काम करते, त्यामुळे खुलाशाचा मसुदा माझ्याच गळ्यात पडला आणि सीएंनी तो दोनदा परत पाठवला. म्हणून लिहिते.

आधी पेन खाली ठेवा आणि पंचनाम्याची प्रत काढा. त्याला जोडलेल्या याद्यांमध्ये रोख कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात मिळाली आणि कोणत्या नोटा किती, हे असतं. दागिन्यांच्या मूल्यांकनात प्रत्येक नगाचं एकूण वजन आणि खडे, लाख, मोती वजा जाता निव्वळ वजन असतं. झडतीच्या दिवशी शपथेवर दिलेल्या जबाबांच्या प्रती मिळवा, नसतील तर अर्ज करा. तुम्ही आता काहीही लिहिलंत तरी ते या कागदांशेजारी ठेवून वाचलं जाणार आहे.

आमच्याकडे गडबड जबाबातच झाली होती. रात्री साडेअकराला, सोळा तासांनंतर, नवरा बोलून गेला, "घरातली सगळी रोख माझीच." खरं तर एकूण 3,85,500 रुपयांपैकी 61,500 सासूबाईंचे होते. शपथेवरचं विधान नंतर फिरवणं फार अवघड. आम्हाला पंचनाम्याने तारलं. आईंचे पैसे मागच्या खोलीत, त्यांच्या लुगड्यांच्या कपाटात, बारा पाकिटांत मिळाल्याची नोंद होती आणि प्रत्येक पाकिटावर त्यांच्या अक्षरात 'भाऊबीज', 'संक्रांत', 'भिशी' असं लिहिलेलं होतं. आम्ही आईंचं स्वतंत्र प्रतिज्ञापत्र जोडलं आणि नवऱ्याच्या वाक्याबद्दल सरळ लिहिलं की ते घाईत, पाकिटं न बघता केलेलं विधान होतं. तुमच्याही जबाबात असं काही असेल तर ते लपवून पुढे जाऊ नका, खुलाशात स्वतःहून काढा.

दागिन्यांचं लोक जास्त टेन्शन घेतात, पण तिथे आधार बरा आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची 11 मे 1994 ची सूचना क्र. 1916 आहे. विवाहित स्त्रीमागे 500 ग्रॅम, अविवाहित स्त्रीमागे 250 आणि पुरुषामागे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, असं ती सांगते. घराण्याची परिस्थिती आणि रीतरिवाज बघून अधिकारी याहून जास्तही सोडू शकतो. आमच्या घरात दोन विवाहित बायका, दोन पुरुष, म्हणजे 1,200 ग्रॅम. सापडले निव्वळ 1,084. एकही दागिना नेला नाही.

पण 'नेला नाही' म्हणजे 'मान्य झाला' असं नसतं. पुढे कर आकारणीत स्रोत विचारतातच. ही सूचना फक्त जप्तीपुरती आहे, असं खातं म्हणतं. गुजरात उच्च न्यायालयाने 2010 मध्ये रतनलाल व्यापारीलाल जैन प्रकरणात, तेवढे दागिने स्रोताच्या दृष्टीनेही समजावलेले धरावेत, असा कौल दिला आहे. त्याचा उल्लेख जरूर करा, पण त्याच्यावर विसंबून 'मर्यादेत आहे, बस' एवढंच लिहू नका. आमच्या सीएंनी पहिला मसुदा याच कारणाने परत पाठवला.

मग आम्ही माणसागणिक तक्ता केला. कोणाचं, कोणता नग, निव्वळ वजन, कुठून आलं, पुरावा काय. आईंचं लग्न 1974 चं. बिलं कुठली असायला! पण लग्नाची यादी निघाली, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. मोहनमाळ, ठुशी, पाटल्या, तोडे मिळून बावीस तोळे. व्हॅल्युअरच्या यादीत हेच नग 249 ग्रॅम भरत होते. मी हिशेब केला 220 चा आणि घाबरलेच, की 29 ग्रॅम जास्त आलं कुठून? सासऱ्यांनी सांगितलं, "अगं, तो जुना तोळा." जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, दहाचा नव्हे. बावीस तोळे म्हणजे साधारण 256 ग्रॅम. उरलेला फरक झिजेचा. तुमच्याकडे जुनी चिठ्ठी असेल तर ही गफलत सांभाळा आणि तोळा कोणता धरलाय ते खुलाशात लिहा. मोडून नवीन केलेल्या दागिन्यांना सोनाराची मोडीची पावती लागते, नाहीतर नवा नग वेगळी खरेदी दिसतो. लग्नातले फोटो आम्ही जोडले, ज्यात नग ओळखू येतो तेवढेच.

यात 168 ग्रॅम नणंदेचे होते. ती पुण्याला असते, दागिने माहेरीच. आईंनी त्याच दिवशी जबाबात "हा डबा लेकीचा" असं सांगितलं होतं, म्हणून तिच्या प्रतिज्ञापत्राला वजन आलं. महिन्याभराने पहिल्यांदा सांगितलं असतं, तर पश्चातबुद्धी म्हणून बाजूला टाकलं असतं.

नाणी मात्र दागिन्यांत धरत नाहीत. दहा ग्रॅमची सहा होती, ती नेली. पाचांची बिलं आणि कार्डाने पैसे दिल्याच्या नोंदी मिळाल्या. सहाव्याचं बिल नाही, असं आम्ही लिहून टाकलं.

खरी कसोटी रोख रकमेची. नवऱ्याच्या ड्रॉवरमध्ये 2,50,000 होते. सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पाच आठवडे आधी बँकेतून 3 लाख काढलेले, मग विमा मंजूर झाला आणि पैसे पडून राहिले. पासबुकातली नोंद, हॉस्पिटलचा खर्चाचा अंदाज, विम्याचं मंजुरीपत्र आणि तपासण्यांचं 18,400 चं बिल जोडलं. उरलेले 31,600 घरखर्चात गेले. लगेच प्रश्न आला, की हातात रोख असताना मध्ये दोनदा एटीएममधून का काढले? त्या रकमा 4-5 हजारांच्या होत्या, म्हणून निभावलं. वर्षापूर्वी काढलेली रक्कम दाखवणार असाल, तर याचं उत्तर आधी शोधा.

राहिले 74,000. ते भागीदाराने हातात टेकवलेले, कागद नाही. एका नातेवाइकाने सुचवलं, काकांनी रोख भेट दिली म्हणून लिहा. नाही लिहिलं. काकांना बोलावून त्यांनाच विचारतात, पैसे कुठून आणले. शिवाय अशी गोष्ट 2 लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेची केली, तर रोख स्वीकारल्याचा तेवढाच दंड वेगळा लागू शकतो. आम्ही ते उत्पन्न म्हणून त्या वर्षीच्या विवरणपत्रात दाखवलं. 60 टक्के कर, त्यावर सरचार्ज आणि सेस धरून 78 टक्के, म्हणजे 57,720 रुपये. दंड वेगळा. आता झडतीच्या करआकारणीची पद्धत बदललीय आणि 1 एप्रिल 2026 पासून कायदाही नवा आहे, त्यामुळे दर आणि कलमं तुमच्या सीएंकडूनच घ्या.

आणखी एक, जप्त वस्तू सोडवण्याचा अर्ज. आमच्या वेळी जप्तीचा महिना संपल्यापासून 30 दिवसांत द्यायचा होता, म्हणजे 30 एप्रिलपर्यंत. खुलाशाच्या नादात आम्ही तो 29 ला दिला. तुमची मुदत आजच विचारून घ्या. नाणी आठ महिन्यांनी परत आली, सहावं सोडून.