मोहोरेची नोंद: नव्या सेक्रेटरींसाठी

सेक्रेटरीपद नुकतंच घेतलंय, तर आधी उपविधींतलं मोहोरेचं कलम वाचा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे मोहोर सेक्रेटरीच्या ताब्यात असते, पण ती वापरायला समितीचा ठराव लागतो. दस्तावर साक्षांकन म्हणून समितीचे दोन सदस्य आणि सेक्रेटरी सह्या करतात. शेअर सर्टिफिकेटवरच्या सह्यांचा नियम वेगळा आहे, तो त्याच्या कलमात पाहा.

इतिवृत्तात दोन नोंदी हव्यात. पहिली परवानगीची. समजा, गच्ची मोबाइल टॉवरला भाड्याने द्यायचा करार आहे, तर असं लिहा:

"सदर करारनाम्यावर संस्थेची मोहोर उमटवण्यास मंजुरी देण्यात येत आहे. साक्षांकनासाठी श्री. … व श्रीमती … यांना अधिकार देण्यात येत आहेत."

खाली सूचक, अनुमोदक आणि मतांचा निकाल. करार कोणाशी, कोणत्या जागेचा, किती मुदतीचा, हेही ठरावात यायला हवं. "आवश्यक कागदपत्रांवर" असं मोघम लिहिलं, तर ती परवानगी नेमकी कशाला होती हे पुढच्या समितीला कळणारच नाही.

दुसरी नोंद पुढच्या सभेत: मोहोर कोणत्या तारखेला, किती प्रतींवर उमटवली आणि तेव्हा कोण हजर होतं. ही हमखास राहून जाते.

नवखे लोक करारातल्या साध्या साक्षीदारांची नावं इथे लिहितात. ते सह्यांचे साक्षीदार. मोहोरेचं साक्षांकन समितीने नेमलेल्यांचंच.

मोहोर आधीच उमटली असेल तर मागची तारीख अजिबात घालू नका. घडलं तसं लिहून पुढच्या सभेत कार्योत्तर मंजुरीचा ठराव मांडा.